लेबलावरचा पीएच : साडेपाच आणि दहा यांत अंतर किती?



आज तुमच्या न्हाणीघरातली एखादी फेसवॉशची किंवा लहान बाळाच्या शाम्पूची बाटली हातात घ्या. कुठेतरी 'पीएच ५.५' किंवा 'पीएच बॅलन्स्ड' असं छापलेलं दिसेल. आता स्वतःलाच विचारा, पीएच ५.५ ची वस्तू आणि पीएच १० ची वस्तू यांत किती फरक असेल? बहुतेकांचं उत्तर असतं साडेचारचा, म्हणजे दुपटीहूनही कमी. चपलेचा नंबर सहा आणि नंबर दहा यांत असतो तसा काहीतरी.

खरं उत्तर आहे सुमारे ३१,६०० पट.

हा आकडा छापणाऱ्यांना हे माहीत असतं. कंपनीतल्या रसायनशास्त्रज्ञाला तर नक्कीच माहीत असतं. तरीही तो आकडा वजन, किंमत, टक्केवारी यांच्या रांगेत साध्या आकड्यासारखा उभा केला जातो आणि वाचणाऱ्याने तो साधाच समजावा अशी सोय होते. माझी तक्रार या सवयीबद्दल आहे. पीएच छापायचा असेल तर तो वाचायचा कसा हेही छापा. ते जमत नसेल तर त्या आकड्याची जाहिरात करू नका.

एक पायरी म्हणजे किती?

पीएच म्हणजे पाण्यात हायड्रोजनचे कण, म्हणजे आयन, किती आहेत याचं माप. ते जास्त असले की पदार्थ आम्लधर्मी, कमी असले की अल्कधर्मी आणि ७ च्या आसपास उदासीन. आम्ल वाढलं की पीएच कमी होतो. म्हणजे आकडा उलटा चालतो, आणि गोंधळाची सुरुवात इथेच होते.

दुसरी गोष्ट अशी की ही शिडी बेरजेची नाही, गुणाकाराची आहे. एक पायरी उतरलात की आयन दहापट होतात, दोन पायऱ्या उतरलात की शंभरपट, तीन उतरलात की हजारपट.

हे डोळ्यांसमोर येण्यासाठी एक हिशेब करू. तो मनातच करा, घरात प्रयोग करू नका. समजा पीएच १ असलेलं एक लिटर हायड्रोक्लोरिक आम्ल आहे. त्यात फक्त शुद्ध पाणी घालून त्याचा पीएच २ करायचा आहे. तर ते एकूण दहा लिटर करावं लागेल, म्हणजे एक बादली. पीएच ३ हवा असेल तर शंभर लिटर, एक पिंप. पीएच ४ हवा असेल तर हजार लिटर, म्हणजे गच्चीवरची आख्खी टाकी. आणि पीएच ५ साठी दहा हजार लिटर, म्हणजे उन्हाळ्यात गावात येतो तसा मोठा टँकर. बादली, पिंप, टाकी, टँकर अशा या चार पायऱ्या झाल्या. अजून अर्धी पायरी चढून ५.५ वर जायचं तर तीन टँकर लागतील आणि वर आणखी दीड टाकी पाणी.

१ पासून ५.५ पर्यंत साडेचार पायऱ्या आहेत. ५.५ पासून १० पर्यंतही साडेचारच. ज्या अंतराला तुम्ही 'दुपटीहूनही कमी' म्हणालात, ते एक लिटर आणि तीन टँकर यांच्यामधलं अंतर आहे.

दशांश चिन्हानंतरचा आकडाही किरकोळ समजू नका. आपल्या रक्ताचा पीएच साधारण ७.३५ ते ७.४५ असतो. मधुमेहाचा रुग्ण कीटोअॅसिडोसिसमध्ये गेला आणि त्याचा पीएच ७.१ आला, तर नातेवाईकांना वाटतं, 'सात पूर्णांक चारचा सात पूर्णांक एक झालाय, थोडासाच कमी आहे की.' पण ०.३ ने उतरणं म्हणजे आयन दुप्पट होणं. म्हणूनच आम्ही त्याला तातडीने आयसीयूत हलवतो.

ही शिडी आली कुठून?

१९०९ मध्ये सोरेन्सन या डॅनिश शास्त्रज्ञाने कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत हे माप मांडलं. प्रयोगशाळा बिअर बनवणाऱ्या कारखान्याची होती आणि तो विकरांवर, म्हणजे एन्झाइम्सवर काम करत होता. ०.०१, ०.००००१, ०.०००००००१ अशी शून्यांची माळ दरवेळी लिहिण्यापेक्षा शून्यांचा हिशेबच आकडा म्हणून लिहावा, ही त्याची सोय होती. प्रयोगशाळेत ती उत्तम चालते, कारण तिथे वाचणाऱ्याला शिडी ठाऊक असते. तीच सोय जशीच्या तशी साबणाच्या वेष्टनावर आली आणि वाचणारा बदलला. तो आता कराडच्या बाजारात पाच मिनिटांत खरेदी उरकणारा माणूस आहे. दोष सोरेन्सनच्या शिडीत नाही, शिडी न दाखवता नुसता आकडा दाखवण्यात आहे.

२०२१ ची साबणाची लढाई

तुमच्यापैकी अनेकांना आठवत असेल. जानेवारी २०२१ मध्ये सेबामेडच्या जाहिराती आल्या. भारतात हे उत्पादन यूएसव्ही ही कंपनी विकते. जाहिरातींत स्पर्धकांच्या साबणांचे पीएच थेट नावं घेऊन दाखवले होते. डव्ह ७, लक्स १०, आणि त्याच्या शेजारी कपडे धुण्याची रिन वडी, तिचाही १०. सेबामेड अर्थातच ५.५. हिंदुस्तान युनिलिव्हर मुंबई उच्च न्यायालयात गेली. त्याच महिन्यात न्यायालयाने अंघोळीच्या साबणांशी तुलना बदलांसह चालू ठेवली, पण रिनशी तुलना करायला मनाई केली. पुढे २०२४ मध्ये त्याच न्यायालयाने हंगामी आदेश देऊन या जाहिरातींना अटकाव केला. साबण बरा की वाईट हे एकट्या पीएचवरून ठरतं असा समज पसरवता येतो का, हा त्या वादाचा गाभा होता.

मला या भांडणात कोणत्याच कंपनीची बाजू घ्यायची नाही. मात्र त्या जाहिरातीतले तीन आकडे आता आपण शिडीवर ठेवून पाहू.

५.५ आणि ७ मध्ये दीड पायरी आहे, म्हणजे सुमारे ३२ पट. ७ आणि १० मध्ये तीन पायऱ्या, म्हणजे हजारपट. जाहिरातीत ५.५, ७ आणि १० हे आकडे पाहणाऱ्याला डव्ह साधारण मध्यावर आहे असं वाटतं. प्रत्यक्षात ७ चा आकडा ५.५ च्या पुष्कळ जवळ आहे आणि १० पासून फार लांब. शिडी माहीत नसलेल्या प्रेक्षकाला ही जाहिरात बघून अंतराचा अंदाज येणं शक्यच नव्हतं. देशभर आठवडाभर पीएचवर चर्चा झाली, पण एक पायरी म्हणजे दहापट हे साधं वाक्य किती घरांत पोहोचलं?

३१,६०० पट म्हणजे ३१,६०० पट वाईट?

आता दुसरी बाजू. ज्यांना शिडी कळते ते तिचा धाक दाखवू शकतात. 'तुमचा साबण त्वचेपेक्षा तीस हजारपट अल्कधर्मी आहे!' वाक्य गणिताने खरं आणि अर्थाने फसवं.

निरोगी त्वचेच्या पृष्ठभागाचा पीएच साधारण ४.५ ते ५.५ असतो. त्वचेचा सर्वांत वरचा थर विटांच्या भिंतीसारखा समजा. विटा म्हणजे मृत पेशी आणि मधला गिलावा म्हणजे स्निग्ध पदार्थ. हा गिलावा तयार करणारी विकरं आम्लधर्मी वातावरणात चांगलं काम करतात. पीएच वर गेला की त्यांचं काम मंदावतं आणि विटा सैल करणारी दुसरी विकरं जोर धरतात. खऱ्या साबणाने अंघोळ केल्यावर त्वचेचा पीएच वर चढतो. पण त्वचेकडे स्वतःची आम्लं असतात आणि निरोगी माणसात ती काही तासांत पीएच पुन्हा जागेवर आणतात. नुसत्या पाण्यानेही तो थोडा हलतोच. शिवाय साबण अंगावर मिनिटभरच असतो आणि मग धुतला जातो. आपल्या आजीने आयुष्यभर साध्या साबणाने अंघोळ केली आणि तिची त्वचा गळून पडली नाही, त्याचं कारण हे.

मग साबणाचा पीएच कुणी बघायचा? ज्यांची भिंत आधीच सैल आहे त्यांनी. नवजात बाळाची त्वचा जन्मताना जवळजवळ उदासीन असते आणि पुढच्या काही आठवड्यांत आम्लधर्मी होत जाते. एक्झिमा असलेली मुलं, हिवाळ्यात पिंढऱ्या खाजवणारे वयस्कर लोक, दिवसातून दहा वेळा हात धुणाऱ्या नर्स आणि चार घरची धुणीभांडी करणाऱ्या बायका यांच्या त्वचेला पूर्वपदावर यायला वेळच मिळत नाही. त्यांना कमी पीएचचा, सौम्य बार खरोखर उपयोगी पडतो.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवा. तेल किंवा चरबी आणि अल्कली यांपासून बनलेला खरा साबण ५.५ चा असूच शकत नाही. त्यात आम्ल घालून पीएच तिथवर उतरवला तर साबण मोडतो आणि त्यातली स्निग्ध आम्लं वेगळी होतात. खऱ्या साबणाचा पीएच स्वभावतःच ९ ते १० च्या आसपास असतो. ५.५ ची वडी म्हणजे वेगळ्या रसायनांची, सिंथेटिक डिटर्जंटची वडी. ती सौम्य आहे की कोरडी करणारी, हे त्या रसायनांवरही अवलंबून असतं. पीएच ५.५ असलेलं पण कडक फेस आणणारं फेसवॉश त्वचा चांगलीच रखरखीत करू शकतं.

महागडं 'अल्कलाइन' पाणी

साबणात मोठं अंतर लहान दिसतं, तर अल्कलाइन पाण्यात लहान गोष्ट मोठी दिसते. आपल्या भागात घरोघरी येऊन विकणारे आहेत. ते पाण्यात थेंब टाकतात, पाणी निळं-जांभळं होतं आणि 'पीएच साडेनऊ, तुमच्या शरीरातली अॅसिडिटी मारेल' असं सांगतात. रंग बदलला म्हणजे पीएच जास्त आहे, एवढंच सिद्ध होतं. किती अल्कली आहे हे त्यातून अजिबात कळत नाही.

हिशेब करू. ९.५ म्हणजे उदासीन पाण्यापेक्षा अडीच पायऱ्या वर, सुमारे ३०० पट. आकडा छान वाटतो. पण कशाच्या ३०० पट? शुद्ध पाण्यात अल्कली जवळजवळ नसतेच. जवळजवळ शून्याच्या तीनशे पट म्हणजेही फारच थोडं. तुमच्या जठरात मात्र पीएच १.५ च्या आसपासचं खरं, तीव्र आम्ल आहे. शुद्ध पाण्याला चिमूटभर अल्कलीने ९.५ वर नेलं, तर अशा एका लिटर पाण्यातली सगळी अल्कली संपवायला जठरातला साधारण एक मिलिलिटर रस पुरतो. एक मिलिलिटर म्हणजे वीसेक थेंब. आणि जठर दिवसाला दीड-दोन लिटर रस तयार करतं.

आणखी गंमत पाहा. आपल्याकडच्या बोअरच्या जड पाण्याचा पीएच साडेसातच्या जवळपास असतो, म्हणजे त्या 'जादूच्या' पाण्यापेक्षा दोन पायऱ्या खाली. पण त्यात बायकार्बोनेटचे क्षार विरघळलेले असतात. असं एक लिटर जड पाणी त्या चिमूटभर अल्कलीच्या पाण्यापेक्षा शंभरपटीहून जास्त आम्ल शोषू शकतं! पीएच हे त्या क्षणी मोकळे असलेले आयन मोजतं, साठा मोजत नाही. खिशात दिसणाऱ्या नोटांवरून बँकेतली शिल्लक कळत नाही, तसंच हे. काही बाटल्यांत मुद्दाम क्षार घातलेले असतात, तेव्हा पाणी थोडं अधिक टिकतं. पण ते काम क्षारांचं, मोठ्या अक्षरांत छापलेल्या ९.५ चं नव्हे.

आणि रक्ताचा पीएच तर पाण्याच्या बाटलीवर सोडलेलाच नाही. तो फुप्फुसं आणि मूत्रपिंडं मिनिटामिनिटाला सांभाळतात. ज्यांची मूत्रपिंडं अशक्त आहेत त्यांनी क्षार घातलेलं पाणी डॉक्टरांना विचारल्याशिवाय पिऊच नये.

जिथे हवा तिथे आकडा नाही

मला सर्वांत जास्त राग येतो तो याचा. ज्या फेसवॉशने फार तर त्वचा कोरडी होईल, त्यावर पीएच सोनेरी अक्षरांत असतो. ज्या संडास साफ करायच्या आम्लाने किंवा तुंबलेला पाइप मोकळा करायच्या दाहक सोड्याने डोळा कायमचा जाऊ शकतो, त्यावर तो सहसा नसतोच. तंबाखूबरोबरच्या चुन्याच्या पुडीवर तर काहीच नसतं.

भिजवलेल्या चुन्याचा पीएच सुमारे १२.४ असतो. साबणाच्या १० पेक्षा सुमारे अडीच पायऱ्या वर, म्हणजे जवळपास २५० पट. शिवाय चुन्याच्या गोळीत साठाही भरपूर असतो, तो विरघळत राहतो आणि जाळत राहतो. तीव्र अल्कली डोळ्याच्या पेशींमधली चरबी विरघळवत आत शिरते, म्हणून ती अनेकदा आम्लापेक्षा घातक ठरते. मुलाने चुन्याची ट्यूब दाबली आणि चुना डोळ्यात उडाला, तर लगेच नळाखाली डोळा धरून किमान अर्धा तास धुवा. पापणी उलटून चिकटलेले कण पाण्याच्या धारेने काढा आणि मग डोळ्यांच्या डॉक्टरकडे पळा. 'अल्कलीवर आम्ल' म्हणून लिंबू पिळू नका. तूप, दूध, मध काहीही घालू नका. इथे फक्त भरपूर पाणी. का, ते बादली-पिंप-टाकीच्या हिशेबावरून लक्षात येईल. एक-दोन शिंतोड्यांनी एकही पायरी उतरत नाही.

घरी तपासता येतं का?

काही प्रमाणात येतं. आपल्याकडे सांगलीची हळद आहे. पांढऱ्या कागदावर ओल्या हळदीचा पट्टा ओढा, वाळू द्या आणि त्यावर साबणाच्या पाण्याचा थेंब टाका. तो लालसर झाला तर पाणी स्पष्टपणे अल्कधर्मी आहे, साधारण ८ च्या वर. हळद आणि चुना मिळून कुंकू लाल होतं ते याच गुणाने, आणि हळदीचा डाग साबण लावताच लाल होतो तोही यामुळेच. पण हळद फक्त उंबरठा सांगते. ९ आणि १२ यांतला हजारपटीचा फरक तिला कळत नाही. त्यासाठी रसायनांच्या दुकानात मिळणाऱ्या पीएच पट्ट्या घ्या. लिटमस मात्र नको, तोही उंबरठाच सांगतो.

माझी मागणी

लेबलावर पीएच छापणाऱ्यांनी तीन गोष्टी छापाव्यात. आकड्याखाली 'प्रत्येक पायरी दहापट' हे तीन शब्द. वडी किती पाण्यात विरघळवून मोजली ते, कारण कोरड्या वडीचा पीएच असा काही नसतो. आणि 'पीएच बॅलन्स्ड' लिहिलं असेल तर नेमका आकडा, कारण आकड्याशिवाय त्या शब्दांना अर्थ नाही. दाहक वस्तूंवर तर आकडा आणि 'डोळ्यात गेल्यास अर्धा तास पाण्याने धुवा' ही ओळ मराठीत, वाचता येईल एवढ्या मोठ्या अक्षरांत हवी.

तोवर वाचकहो, दुकानात उभे असताना दोनच प्रश्न विचारा. आकड्यांत फरक किती पायऱ्यांचा आहे? आणि तो पदार्थ माझ्या अंगावर किती प्रमाणात, किती वेळ राहणार आहे? पहिल्याचं उत्तर लेबलावर असेल, दुसऱ्याचं तुम्हालाच शोधावं लागेल. दोन्ही मिळाली तर साबणासाठी चौपट पैसे द्यायचे की नाही हे तुमचं तुम्हाला ठरवता येईल, आणि साडेनऊच्या पाण्यासाठी तर खिशात हातच घालावा लागणार नाही.